ई-स्कूटरचं कर्ज २४, ३६, ४८ की ६० महिन्यांचं? हप्ता, बॅटरीची वॉरंटी आणि जुन्या गाडीचा भाव शेजारीशेजारी

शोरूममध्ये गाडी पसंत पडली, रंग ठरला, की फायनान्सच्या टेबलावर पहिला प्रश्न येतो: "महिन्याला किती हप्ता जमेल?" आपण म्हणतो, अडीच हजारांपर्यंत. समोरचा कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवतो आणि सांगतो, "मग साठ महिन्यांचं करून टाकू, २,३२७ बसतो." पाच मिनिटांत मुदत ठरते आणि बॅटरीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

पेट्रोलच्या स्कूटरला हे एक वेळ चालून जातं. पाच वर्षांची ॲक्टिव्हा घ्यायला गिऱ्हाईक मिळतं, कारण तिच्या इंजिनाचं पुढे काय होणार हे गल्लीतला कोणताही मेकॅनिक सांगू शकतो. ई-स्कूटरच्या किमतीचा मोठा वाटा सीटखालच्या किंवा पायांखालच्या एका पेटीत असतो आणि ती पेटी वर्षागणिक झिजते. त्यामुळे हप्ता ठरवण्याआधी तीन मुदती एका कागदावर मांडाव्यात: कर्ज कधी संपतं, बॅटरीची वॉरंटी कधी संपते आणि गाडीचा बाजारभाव कर्जाच्या बाकीपेक्षा कधी वर येतो. या तिन्हींचा मेळ बसला नाही, तर कमी हप्ता शेवटी महाग पडतो.

एक गाडी, चार मुदती

उदाहरण म्हणून ३ किलोवॅट-तास बॅटरीची स्कूटर घेऊ. एक्स-शोरूम १,१५,००० रुपये, ऑन-रोड १,२५,०००. डाउन पेमेंट २५,०००, म्हणजे कर्ज बरोबर एक लाख. व्याज घटत्या शिलकीवर वार्षिक १४ टक्के. तुमचा दर थोडा इकडेतिकडे असेल, पण गणिताचा आकार तोच राहतो.

शेवटच्या ओळीत जुन्या गाडीचा अंदाजे भाव धरला आहे: वर्षाने ७५,०००, दोन वर्षांनी ५८,०००, तीन वर्षांनी ४२,०००. हा भाव मी गृहीत धरला आहे. तुमच्या मॉडेलचा खरा भाव जुन्या गाड्यांच्या दोन-तीन विक्रेत्यांना विचारून या ओळीत भरा.

| मुदत | मासिक हप्ता | एकूण व्याज | १२ महिन्यांनी बाकी | २४ महिन्यांनी बाकी | ३६ महिन्यांनी बाकी |
|---|---|---|---|---|---|
| २४ महिने | ४,८०१ | १५,२०० | ५३,५०० | ० | – |
| ३६ महिने | ३,४१८ | २३,००० | ७१,२०० | ३८,१०० | ० |
| ४८ महिने | २,७३३ | ३१,२०० | ८०,००० | ५६,९०० | ३०,४०० |
| ६० महिने | २,३२७ | ३९,६०० | ८५,१०० | ६८,१०० | ४८,५०० |
| गाडीचा भाव (गृहीत) | | | ७५,००० | ५८,००० | ४२,००० |

(हप्ता सोडून बाकी आकडे जवळच्या शंभरात.)

आता उभ्या रकान्यांत खालची ओळ वरच्या ओळींशी ताडून बघा. ३६ महिन्यांच्या कर्जात पहिल्या वर्षाअखेरीसच गाडीचा भाव बाकीच्या वर असतो आणि दोन वर्षांनी तर वीस हजारांचं अंतर पडतं. ४८ महिन्यांत पहिली दोन वर्षं काठावर जातात. ६० महिन्यांत मात्र तीन वर्षं उलटली तरी गाडी विकून कर्ज फिटत नाही.

कोणी म्हणेल, मला गाडी विकायचीच नाही. पण दोन-तीन वर्षांत बदली होते, नोकरी जाते, घरात आजारपण येतं, किंवा लग्नानंतर एका घरात दोन गाड्या होतात. गाडी विकणारे बहुतेक जण आधी ठरवून विकत नसतात.

समजा ६० महिन्यांचं कर्ज आहे आणि चोविसाव्या महिन्यात गाडी काढायची वेळ आली. बाकी ६८,१००. मुदतीआधी कर्ज बंद करायचं शुल्क करारात ४ टक्के लिहिलं असेल तर २,७२४ आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४९०. म्हणजे कर्ज बंद करायलाच ७१,३०० रुपये लागले आणि गिऱ्हाईक देतंय ५८,०००. तेरा हजारांवर रक्कम खिशातून घालून तुम्ही स्वतःची गाडी दुसऱ्याला दिली. तोवर हप्त्यांपोटी जवळपास ५६,००० भरून झालेले असतात, पण मुद्दल त्यातून ३२,००० सुद्धा फिटलेलं नसतं. लांब मुदतीच्या कर्जात सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा भाग व्याजात जातो आणि नेमक्या त्याच काळात गाडीची किंमत सर्वांत वेगाने उतरत असते.

शिवाय पैसे भरले की लगेच सुटका होत नाही. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असतो. कंपनीकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवावा लागतो, आणि मग फॉर्म २९, ३० भरून गाडी नव्या मालकाच्या नावावर होते. रोख घेऊन आलेलं गिऱ्हाईक इतके दिवस थांबायला तयार नसतं. मग गाडी एक्सचेंजमध्ये डीलरच्या हाती जाते आणि भाव आणखी उतरतो.

बॅटरी कधी "संपते"?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. बॅटरी एका दिवशी बंद पडते असा लोकांचा समज असतो. चांगल्या लिथियम पॅकच्या बाबतीत तसं क्वचितच घडतं. तिची साठवणक्षमता हळूहळू उतरते. मूळ क्षमतेच्या ७० ते ८० टक्क्यांवर आली की गाडीच्या कामासाठी तिचं आयुष्य संपत आलं असं धरतात. गाडी तरीही चालते, फक्त नव्वद किलोमीटरची साठ-पासष्ट होते.

झीज दोन वाटांनी होते. एक चार्जिंगच्या फेऱ्यांनी. शून्य ते शंभर अशी पूर्ण फेरी एक धरतात, अर्धी-अर्धी चार्ज केली तर दोन मिळून एक. दुसरी झीज नुसत्या काळाने आणि उष्णतेने होते. गाडी उभी असली तरी ही चालू असते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात शंभर टक्के चार्ज करून उन्हात दिवसभर लावलेली स्कूटर एक किलोमीटरही न चालता झिजत असते. एलएफपी रसायनाच्या सेलना फेऱ्या जास्त झेपतात, एनएमसी सेल वजनाला हलके पण फेऱ्यांत कमी. आपल्याकडच्या ई-स्कूटरमध्ये एनएमसी बऱ्याच काळापासून जास्त दिसते, म्हणून गाडी घेताना कोणते सेल आहेत हे जरूर विचारा.

रोज तीस किलोमीटर ऑफिसला जाणारा माणूस महिन्याला साधारण ७५० आणि वर्षाला ९,००० किलोमीटर चालवतो. एका चार्जला नव्वद किलोमीटर धरले तर वर्षाच्या शंभर फेऱ्या झाल्या. पाच वर्षांत पाचशे. एवढ्या फेऱ्या कोणत्याही बऱ्या पॅकला जड नाहीत. त्याच्या गाडीची बॅटरी झिजेल ती काळाने आणि उन्हाने. अशा माणसासाठी पाच वर्षांनंतरही पॅक कामाचा राहण्याची शक्यता चांगली आहे, आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण "तीन वर्षांत बॅटरी बाद" ही भीतीही तितकीच चुकीची आहे.

पण पॅक कामाचा राहणं वेगळं आणि त्याची हमी कोणी घेणं वेगळं. बाजारातल्या अनेक स्कूटरना बॅटरीची मूळ वॉरंटी तीन वर्षं किंवा ५०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर, अशी असते. काही कंपन्या पुढे आठ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटरपर्यंत गेल्या आहेत, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेतात. एथरच्या आठ वर्षांच्या योजनेत क्षमता ७० टक्क्यांखाली जाणार नाही अशी हमी आहे. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अनेक वॉरंटी फक्त उत्पादनातल्या दोषाला लागू असतात. हळूहळू रेंज कमी होणं त्यांत "नैसर्गिक झीज" म्हणून बाजूला ठेवलेलं असतं. तेव्हा वॉरंटी कार्डावर वर्षं वाचून थांबू नका. किती टक्क्यांखाली गेल्यावर पॅक बदलून मिळेल हा आकडा लिहिलाय का ते पाहा. नसेल तर आठ वर्षांची वॉरंटीही अर्धीच आहे असं समजा.

हमी संपल्यावर पॅक गेला तर खर्च किती? ३ किलोवॅट-तासांच्या नव्या पॅकला जीएसटीसकट ५५,००० धरू. गाडीसोबत आलेल्या बॅटरीवर गाडीचाच ५ टक्के जीएसटी लागतो, तोच पॅक नंतर सुटा घेतला की १८ टक्के. आणि हा खर्च विमा देत नाही, कारण झीज विम्यात बसत नाही. अपघातात पॅक फुटला तरी साध्या पॉलिसीत बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात. घसारा न कापणारं झिरो-डेप संरक्षण घेतलं असेल तरच फरक पडतो.

आता हे ५५,००० कर्जाच्या तक्त्याशेजारी ठेवा. ६० महिन्यांच्या कर्जात तीन वर्षांची वॉरंटी संपल्यानंतर आणखी चोवीस हप्ते उरतात. २,३२७ गुणिले २४ म्हणजे ५५,८४८ रुपये. जवळपास एका नव्या पॅकची किंमत. ज्याने ३६ महिने घेतले तो पहिल्या तीन वर्षांत महिन्याला १,०९१ जास्त भरतो, म्हणजे एकूण ३९,००० जास्त. ती ओढाताण खरीच आहे. पण सदतिसाव्या महिन्यापासून त्याच्या हातात दरमहा ३,४१८ मोकळे होतात. ते बाजूला टाकत गेला तर सोळा-सतरा महिन्यांत पॅकचे पैसे जमतात. ६० महिनेवाल्याचा पॅक चौथ्या वर्षी गेला तर त्याला हप्ता आणि बॅटरी दोन्ही एकदम भरावं लागतं, नाहीतर बंद गाडीचे हप्ते भरत बसावं लागतं.

जुन्या गाडीचा भाव कशावर ठरतो

ई-स्कूटरचा जुना भाव मॉडेल, वर्ष आणि किलोमीटर एवढ्यावर ठरत नाही. नवी गाडी किती स्वस्त झाली यावर तो जास्त हलतो. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या फेम-२ योजनेचं ई-वाहनांवरचं अनुदान किलोवॅट-तासाला १५,००० वरून १०,००० झालं आणि त्याची कमाल मर्यादाही उतरली, तेव्हा नव्या गाड्या महागल्या. पुढे ३१ मार्च २०२४ ला ती योजना संपली आणि ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह आली, तीही घटतं अनुदान घेऊन. अनुदान घटत असतानाही कंपन्यांनी लहान बॅटरीची, कमी किमतीची मॉडेल्स आणली आणि स्पर्धेत किमती खाली ओढल्या. दोन वर्षांपूर्वी सव्वा लाखाला घेतलेल्या गाडीच्या बाजूला आज त्याच कंपनीची नवी, वॉरंटीसकट गाडी लाखाच्या आत उभी असेल, तर जुनीला साठ हजार कोण देणार? त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे जुनी इलेक्ट्रिक घ्यायला निघालेल्या माणसासमोर नवी पेट्रोल स्कूटरही आधीपेक्षा स्वस्त झाली.

दुसरी गोष्ट वॉरंटीची. जुनी गाडी घ्यायला आलेला जाणकार माणूस आधी रंग बघत नाही. तो ॲपमध्ये एकूण किलोमीटर बघतो, वॉरंटी कधी संपते आणि ती दुसऱ्या मालकाच्या नावावर जाते का हे विचारतो, सर्व्हिसच्या नोंदी मागतो, मूळ चार्जर आहे का बघतो. मग शंभर टक्के चार्जवर गाडी घेऊन ओळखीच्या रस्त्यावर चक्कर मारतो. तीन वर्षांची वॉरंटी असेल तर अडीच वर्षांची गाडी आणि सव्वातीन वर्षांची गाडी यांच्या भावात नऊ महिन्यांपेक्षा खूप जास्त अंतर पडतं, कारण दुसऱ्या गाडीत पॅकची सगळी जोखीम घेणाऱ्याच्या अंगावर येते. वॉरंटी आठ वर्षांची असेल आणि नव्या मालकाला मिळत असेल, तर हा खड्डा बराच बुजतो. विकायचा विचार असेल तर वॉरंटीचे सहा-आठ महिने शिल्लक असतानाच विका.

तुमची बॅटरी किती उतरली हे घरीच कळतं. गाडी नवी असताना एकदा शंभर टक्के चार्ज करा, नेहमीच्या रस्त्यावर, इकोमध्ये, एकट्याने चालवून वीस टक्क्यांवर येईपर्यंत किती किलोमीटर झाले ते लिहून ठेवा. समजा ७२ आले. दोन वर्षांनी त्याच ऋतूत, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून, त्याच पद्धतीने ६३ आले, तर क्षमता साधारण ८७ टक्के उरली. ही चाल ठीक आहे. मात्र चार्ज तीस टक्क्यांपर्यंत नीट उतरून एकदम पाचवर आपटत असेल, तर पॅकमधले काही सेल बाकीच्यांच्या मागे पडले आहेत. हे वॉरंटीत असतानाच सर्व्हिस सेंटरला लेखी द्या आणि जॉब कार्डची प्रत घ्या. तोंडी तक्रारीला वॉरंटी संपल्यावर काही किंमत राहत नाही.

विम्यात गाडीची जी किंमत धरतात ती आयडीव्ही, तिला मात्र गाडीचा बाजारभाव समजू नका. आयडीव्ही गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री किमतीतून ठरावीक घसारा वजा करून काढतात: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०. आपल्या उदाहरणातल्या गाडीची आयडीव्ही दोन वर्षं झाल्यावर ८०,५०० येईल आणि बाजार देतोय ५८,०००. गाडी चोरीला गेली तर हा जास्तीचा आकडा कर्जदाराला वाचवतो, ६० महिनेवाल्यालाही. पण त्यासाठी पॉलिसी जिवंत हवी. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा सक्तीचा असतो, पण स्वतःच्या नुकसानीचं आणि चोरीचं संरक्षण बहुधा पहिल्या एकाच वर्षाचं. कागदावर "पाच वर्षं" वाचून लोक निर्धास्त राहतात आणि दुसऱ्या वर्षी ते नूतनीकरण राहून जातं. मग गाडी चोरीला गेली की एक रुपया मिळत नाही आणि हप्ते चालू राहतात.

डिलिव्हरी करणाऱ्याचा हिशोब वेगळा

वर जे ऑफिसला जाणाऱ्यासाठी सांगितलं, ते डिलिव्हरीच्या मुलाला जसंच्या तसं लावलं तर त्याचं नुकसान होईल. तो दिवसाला ११० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस चालवतो असं धरा. वर्षाला ३४,००० किलोमीटर. त्याची ५०,००० किलोमीटरची वॉरंटी दीड वर्षाच्या आतच संपते, कार्डावर तीन वर्षं छापली असली तरी. आठ वर्षांची, ८०,००० किलोमीटरची वॉरंटीही सव्वादोन-अडीच वर्षांत संपते. चार्जिंगच्या फेऱ्या वर्षाला पावणेचारशेच्या वर जातात, तीन वर्षांत अकराशे. त्यात दुपारी घाईघाईने फास्ट चार्जिंग, गरम पॅकवर लगेच पुन्हा गाडी दामटणं. या माणसासाठी ३६ महिनेसुद्धा लांब आहेत.

आणि त्याला २४ महिन्यांचा हप्ता परवडतो, कारण बचत मोठी आहे. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडी लिटरला ४५ देते असं धरलं तर किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या वर खर्च येतो. ई-स्कूटरला चार्जिंगमधली गळती धरून शंभर किलोमीटरला चार युनिट, दहा रुपये युनिटने किलोमीटरला चाळीस पैसे. दर किलोमीटरला १.९० रुपये वाचले. महिन्याच्या २,८६० किलोमीटरवर ही बचत ५,४०० होते आणि २४ महिन्यांचा हप्ता आहे ४,८०१. घरच्या चार्जिंगवर हप्ता पेट्रोलच्या वाचलेल्या पैशांतूनच निघतो. बाहेर फास्ट चार्जरवर जास्त दराने चार्ज करावं लागत असेल तर त्या दराने हा आकडा पुन्हा काढा, फरक मोठा पडतो.

ऑफिसवाल्याची बचत महिन्याच्या ७५० किलोमीटरवर १,४२५ रुपये. ६० महिन्यांचा हप्ताही यातून निघत नाही. "पेट्रोलच्या पैशांत गाडी फिटते" हे वाक्य त्याला लागू नाही, आणि ते ऐकून त्याने मुदत ठरवू नये.

दर आणि शुल्क: एवढं मात्र तपासाच

टेबलावर "फक्त ७.७ टक्के" ऐकलं तर तो फ्लॅट दर असतो. म्हणजे संपूर्ण मुदतभर पहिल्या दिवसाच्या एक लाखावर व्याज. ३६ महिन्यांसाठी ७.७ फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर १४ टक्केच. त्यात प्रोसेसिंग, कागदपत्रं आणि कर्जासोबत चिकटवलेला जीवन विमा मिळून ४,००० आधीच कापले, तर हातात ९६,००० येतात आणि हप्ता तोच ३,४१८. तेव्हा खरा वार्षिक खर्च १७ टक्क्यांच्या जवळ जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने मुख्य तथ्य पत्रक देणं बंधनकारक केलं आहे. त्याला सगळे केएफएस म्हणतात. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक टक्केवारी छापलेली असते. दोन फायनान्स कंपन्यांची तुलना त्या एकाच आकड्यावर करा.

त्याच पत्रकात मुदतीआधी फेडीचं शुल्क, किती हप्त्यांनंतर फेडता येतं आणि वर्षातून किती वेळा जादा रक्कम भरता येते हे बघा. व्यक्तींनी बदलत्या व्याजदराने घेतलेल्या कर्जांवर असं शुल्क घेऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे. पण दुचाकीची कर्जं बहुतेक स्थिर दराची असतात, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

ई-वाहनाच्या कर्जावरच्या व्याजाला आयकरात दीड लाखाची वजावट मिळते, असंही अजून काही ठिकाणी सांगतात. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

मग कोणी काय घ्यावं

रोज वीस-चाळीस किलोमीटर चालवणाऱ्या नोकरदाराला माझं मत ३६ महिने. तीन वर्षांची वॉरंटी आणि कर्ज एकत्र संपतं, आणि वर्षभरातच गाडीचा भाव बाकीच्या वर येतो. ३,४१८ झेपत नसतील तर मुदत वाढवण्याआधी लहान बॅटरीचं मॉडेल बघा. रोज तीस किलोमीटरसाठी सव्वादोन-अडीच किलोवॅट-तास पुरतात आणि कर्जच ऐंशी हजारांवर येतं. मग ३६ महिन्यांचा हप्ता २,७३४ बसतो, म्हणजे एक लाखाच्या ४८ महिन्यांच्या हप्त्याएवढाच.

डिलिव्हरी किंवा धंद्यासाठी २४, आणि वॉरंटीची किलोमीटर मर्यादा वर्षांपेक्षा आधी बघायची.

४८ महिने तेव्हाच, जेव्हा वॉरंटी आठ वर्षांची आहे, तिच्यात ७० टक्क्यांची लेखी हमी आहे आणि गाडी निदान तीन वर्षं विकायची वेळ येणार नाही याची बऱ्यापैकी खात्री आहे. डाउन पेमेंट पस्तीस हजारांपर्यंत नेता आलं तर पहिल्या दोन वर्षांतला काठावरचा धोकाही जातो.

बॅटरी भाड्याने घेण्याची योजना हा चौथा रस्ता आहे. हिरोने जुलै २०२५ मध्ये आणलेल्या व्हिडा व्हीएक्स२ मध्ये तो मिळतो, इतर काही कंपन्यांतही. कर्ज फक्त गाडीच्या सांगाड्याचं असल्याने हप्ता लहान होतो, बॅटरीचे पैसे किलोमीटरप्रमाणे जातात. मात्र महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात आणि गाडी विकताना तो करार नव्या मालकावर कसा जातो, हे लेखी घेतल्याशिवाय सही करू नका. कमी चालवणाऱ्याला किमान आकारणी महागात पडते.

६० महिने मी कोणालाच सुचवणार नाही. ज्यांनी घेतलेच आहेत त्यांच्यासाठी उपाय आहे: बारा हप्ते झाल्यावर बोनसमधून किंवा भिशीतून वीस हजार एकरकमी मुद्दलात भरा. मात्र अर्जात "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा" असं स्पष्ट लिहून द्या. तसं लिहिलं नाही तर काही कंपन्या मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करतात आणि व्याजातली बचत घटते. आपल्या उदाहरणात बाकी ८५,१५० वरून ६५,१५० होते, उरलेले ४८ हप्ते ३४-३५ वर येतात आणि शुल्क वगळता साधारण बारा हजारांचं व्याज वाचतं. चोविसाव्या महिन्यात बाकी ४५,१०० असते आणि गाडीचा भाव ५८,०००, म्हणजे तेव्हा विकावी लागली तरी पदरचे घालावे लागत नाहीत. नवं वेळापत्रक कंपनीकडून मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख खरंच अलीकडे आली आहे का ते त्याच दिवशी तपासा.